डार्क चॉकलेट घेताना पाकिटाची मागची बाजू कशी वाचायची

मिठाईच्या दुकानात आपण सहज विचारतो, "हे साजूक तुपातलं आहे की वनस्पती तुपातलं?" चॉकलेटच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न विचारायचा असतो, पण तो फारसा कुणी विचारत नाही. खऱ्या चॉकलेटमधली चरबी कोकोच्या बियांमधूनच आलेली असते. तिला कोको बटर म्हणतात. कंपाउंड चॉकलेटमध्ये ती काढून तिच्या जागी पाम किंवा पाम कर्नलचं घट्ट केलेलं तेल घातलेलं असतं. रंग, आकार, चमक सगळं तेच. फरक चरबीत असतो, आणि पुढे सांगितलेली प्रत्येक परीक्षा अखेर तिच्यावरच येऊन थांबते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारात काचेच्या बरण्यांतून तोलून मिळणारं 'होममेड', साताऱ्यातल्या सुपर मार्केटमधला चांदीच्या कागदातला बार आणि सांगलीत केकचं सामान मिळतं त्या दुकानातली अर्ध्या किलोची लादी, या तिन्हींवर 'डार्क' असंच लिहिलेलं किंवा सांगितलेलं असतं. या तीन वस्तू एक नाहीत.

७० टक्के म्हणजे नेमकं कशाचे

पाकिटावर '७०% कोको' छापलेलं असतं, त्याचा अर्थ १०० ग्रॅममधला ७० ग्रॅम भाग कोकोच्या बियांपासून आलेला आहे. उरलेल्या ३० ग्रॅममध्ये जवळजवळ सगळी साखर, आणि चिमूटभर लेसिथिन नि व्हॅनिला.

हे ७० ग्रॅम मात्र एकसारखे नसतात. कोकोची बी भाजून, टरफल काढून दळली की आतल्या चरबीमुळे तिची पूड होत नाही, दाट, वाहता लगदा होतो. तो म्हणजे कोको मास. त्यात निम्म्याहून थोडी जास्त, साधारण ५३-५४ टक्के, चरबी असते. हा लगदा दाबून चरबी वेगळी काढली की एकीकडे कोको बटर मिळतं आणि दुसरीकडे पेंड उरते. ती पेंड दळली की कोको पावडर. मास, बटर आणि पावडर हे तिन्ही कोकोच, त्यामुळे तिघांचीही बेरीज त्या ७० मध्ये धरता येते. गडद रंग, कडवटपणा आणि कोकोची खरी चव मात्र चरबीत नसते, चरबी सोडून उरलेल्या भागात असते.

म्हणून दोन कंपन्यांचे ७० टक्क्यांचे बार चवीला अगदी वेगळे लागू शकतात. फरक ओळखायला एक वजाबाकी पुरते. समोरच्या टक्क्यांतून मागच्या पोषण तक्त्यातली १०० ग्रॅमची एकूण चरबी वजा करा. एकात चरबी ३८ ग्रॅम असेल तर ७० वजा ३८, म्हणजे ३२ ग्रॅम निखळ कोको. दुसऱ्यात चरबी ४५ ग्रॅम असेल तर उरतात २५. पहिला बार कडक, उग्र, तोंड जरा कोरडं करणारा. दुसऱ्यात वरून कोको बटर जास्त घातलंय, तो मऊ विरघळतो आणि कडूही कमी लागतो. दोन्ही खरेच आहेत. पहिल्यांदाच ७० टक्के घेत असाल तर दुसऱ्या प्रकारचा घ्या. पहिला खाऊन "डार्क आपल्याला झेपत नाही" असं ठरवणारे बरेच असतात. ही वजाबाकी दूध किंवा बदाम-अक्रोड नसलेल्या साध्या बारलाच लागू पडते, कारण दूध-बदामाची चरबीही त्याच आकड्यात मोजलेली असते.

टक्के वाढले की साखर कमी होते, एवढं गणित पक्कं आहे. ५५ टक्क्यांत साखर ४५ ग्रॅमच्या आसपास, ८५ मध्ये १५ च्या आसपास. कोको चांगल्या प्रतीचा आहे की नाही, हे टक्क्यांवरून कळत नाही. जळका भाजलेला कोकोही ८५ टक्के भरतो.

आणि 'डार्क' या नुसत्या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमांनुसार साध्या गडद चॉकलेटमध्ये किमान २५ टक्के चरबी आणि किमान १२ टक्के चरबीरहित कोको लागतो. म्हणजे कोको जेमतेम चाळिशीच्या आसपास आणि साखर निम्म्याहून जास्त असली, तरी समोर 'डार्क' छापता येतं.

घटकांची यादी

यादीत जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त तो पहिला, असा नियम आहे. त्यामुळे पहिले तीन शब्द वाचले की बहुतेक निकाल लागतो. पाकिटावर ही नावं इंग्रजीत असतात, पण उच्चार ओळखीचे आहेत.

चांगल्या ७० टक्के बारची यादी अशी असते: कोको मास, साखर, कोको बटर, इमल्सिफायर (३२२), व्हॅनिला. काहींत तर पहिले दोन-तीनच. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. त्याने पातळ चॉकलेट साच्यात नीट वाहतं.

कंपाउंडची यादी अशी: साखर, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, कोको पावडर, इमल्सिफायर (३२२, ४९२), कृत्रिम व्हॅनिला फ्लेवर. फॅटच्या आधीचा शब्द बदलतो. कुठे 'इंटरएस्टरिफाइड', कुठे 'फ्रॅक्शनेटेड', कुठे कंसात पाम कर्नल. वनस्पती चरबी यादीत दुसऱ्या-तिसऱ्या जागी आहे आणि कोको बटर यादीत नाहीच, एवढं दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही.

कंपाउंडमध्ये कोको मास सोडून कोको पावडरच का घालतात, हे समजून घेण्यासारखं आहे. कोको बटर आणि पाम कर्नलची चरबी एकमेकींत नीट बसत नाहीत. दोन्हींचे स्फटिक वेगळ्या घडणीचे असतात. मिसळल्या की मिश्रण दोघींपेक्षाही मऊ होतं, नीट घट्ट होत नाही आणि थोड्या दिवसांत वर पांढुरकी साय धरतं. कोको मासात निम्मं कोको बटर असतं म्हणून तो घालता येत नाही. पावडरीत चरबी बहुधा १० ते १२ टक्केच उरलेली असते, ती चालून जाते. म्हणून 'कोको पावडर आहे, मास नाही' ही कंपाउंडची पक्की खूण ठरते. ४९२ क्रमांकाचं इमल्सिफायर ती साय लांबवायला घालतात, ते दिसलं तरी कान टवकारा. ४७६ मात्र दोन्हींत सापडतं, त्यावरून काही ठरवू नका.

आता यादीतल्या तीन फसव्या जागा.

पहिली, साखर पहिल्या क्रमांकावर. त्यावरून लगेच कंपाउंड म्हणू नका. ५० टक्के कोकोच्या खऱ्या बारमध्ये मास ४२, बटर ८ आणि साखर ४९ ग्रॅम असेल, तर कोको विभागला गेल्यामुळे साखर आपोआप पहिली येते. पाकिटावर ७० टक्के लिहून मागे साखर पहिली असेल, तर मात्र काहीतरी चुकतंय.

दुसरी, 'कोको सॉलिड्स' हा शब्द. आपल्याकडच्या पाकिटांवर तो मासासाठीही वापरतात आणि पावडरीसाठीही. शेजारी 'कोको बटर' असेल तर बहुधा मास. शेजारी वनस्पती चरबी असेल तर पावडर.

तिसरी जागा कायद्यातच आहे. भारतात खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी ५ टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी आहे, मात्र 'कोको बटरशिवाय वनस्पती चरबी आहे' अशा अर्थाचं वाक्य पाकिटावर ठळक छापावं लागतं. असं वाक्य दिसलं आणि यादीत कोको बटरही असलं, तर ते कंपाउंड नव्हे, थोडी काटकसर केलेलं चॉकलेट आहे. युरोपातही मर्यादा ५ टक्क्यांचीच आहे आणि तिथे त्यासाठी सहाच चरब्या चालतात. त्यांत सालवृक्षाच्या बियांच्या आणि आंब्याच्या कोयीच्या चरबीबरोबर आपलं कोकमतेलही आहे. हिवाळ्यात टाचांना लावायचं ते! कोकमाची चरबी कोको बटरशी जुळते, पाम कर्नलची जुळत नाही, एवढाच त्यातला मुद्दा.

पोषण तक्त्यातला भागाकार

यादी धूसर असेल किंवा अक्षर मुंगीएवढं असेल, तर पोषण तक्त्यातले दोन आकडे शोधा: १०० ग्रॅममधली एकूण चरबी आणि त्यातली सॅच्युरेटेड चरबी. दुसऱ्याला पहिल्याने भागा.

कोको बटरमध्ये सॅच्युरेटेड चरबीचा वाटा ठरलेला असतो, सुमारे ६० ते ६२ टक्के. ही झाडाचीच देणगी आहे, कारखान्यात ती फारशी बदलत नाही. घट्ट केलेल्या पाम कर्नल चरबीत हा वाटा ९० च्या पुढे जातो. म्हणजे भागाकार ०.६ च्या जवळ आला तर कोको बटर, ०.९ च्या जवळ आला तर पाम कर्नल.

तीन पाकिटं समोर ठेवून हे करून पाहू. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण बाजारात असेच भेटतात.

पहिलं पाकीट: समोर ७० टक्के. तक्त्यात चरबी ४२, सॅच्युरेटेड २६, वरून घातलेली साखर २९ ग्रॅम. २६ भागिले ४२ म्हणजे ०.६२. कोको ७० अधिक साखर २९ म्हणजे ९९, उरलेला एक ग्रॅम लेसिथिन-व्हॅनिलाचा. सगळं जुळतं. ७० वजा ४२ म्हणजे २८ ग्रॅम निखळ कोको, मध्यम कडवटपणा. घ्या.

दुसरं पाकीट: समोर नुसतं 'डार्क', टक्के नाहीत. यादीत साखर, कोको सॉलिड्स, कोको बटर, मिल्क सॉलिड्स. चरबी ३०, सॅच्युरेटेड १८, एकूण साखर ५३, त्यातली वरून घातलेली ५०. भागाकार ०.६, म्हणजे चरबी खरी. दोन साखरांमधला ३ ग्रॅमचा फरक बहुतांशी दुधातल्या साखरेचा. दुधाच्या पावडरीत ती ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा दुधाची पावडर सहा ते आठ ग्रॅम धरा. १०० मधून साखर ५० आणि दूध ७ काढलं की कोको राहतो ४३ च्या आसपास. चॉकलेट खरं आहे, पण 'डार्क' म्हणून जास्त पैसे मोजावेत असं काही त्यात नाही. निम्मा बार साखरेचाच आहे.

तिसरं पाकीट: अर्ध्या किलोची लादी. चरबी ३२, सॅच्युरेटेड ३०, साखर ५०. भागाकार ०.९४. यादी न वाचताही सांगता येतं, हे कंपाउंड. ५० आणि ३२ ची बेरीज ८२, म्हणजे कोको पावडर फार तर १८-२० ग्रॅम, कारण तिची स्वतःची थोडी चरबी त्या ३२ मध्येच आली.

भागाकाराला मर्यादा आहेत. कंपाउंड पाम कर्नलऐवजी साध्या पाम तेलापासून केलं असेल, तर त्याचा भागाकारही ०.६ च्या आसपास येऊ शकतो आणि खऱ्यासारखा दिसतो. म्हणून ०.९ आलं तर कंपाउंड नक्की, पण ०.६ आलं तर यादी वाचल्याशिवाय निकाल देऊ नका. बदाम, काजू, शेंगदाणे घातलेल्या बारमध्ये त्यांच्या पातळ तेलामुळे आकडा खाली येतो. सांगली-तासगावकडे मिळणाऱ्या चॉकलेटच्या बेदाण्याला मात्र ही युक्ती छान चालते, कारण बेदाण्यात चरबी जवळजवळ नसतेच. पाकिटावरची चरबी म्हणजे वरच्या थराचीच. त्या बेदाण्याची साखर नैसर्गिक असल्याने तिथे एकूण साखर पाहू नका, वरून घातलेली पाहा.

'शुगर फ्री' डार्कमध्ये शंभरातून साखर वजा करण्याचं गणित मोडतं. तिथे साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल असतं. तक्त्यात साखर शून्य दिसते, पण माल्टिटॉल चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमही असू शकतं. ते रक्तातली साखर साध्या साखरेपेक्षा कमी वाढवतं, अजिबात वाढवत नाही असं नाही, आणि एका बैठकीत जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. घरातल्या मधुमेही माणसासाठी घेताना 'पॉलिओल' किंवा 'माल्टिटॉल' पुढचा आकडा वाचूनच घ्या.

पाकीट नसेल तेव्हा: बरणीतलं 'होममेड'

महाबळेश्वरला रंगीत कागदात गुंडाळलेल्या साच्यातल्या वड्या किलोवर मिळतात. त्यांत कंपाउंड इतकं का आढळतं, याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. खरं चॉकलेट वितळवून नुसतं साच्यात ओतलं तर ते बिघडतं. आधी ते ४५ अंशांच्या वर नेऊन पूर्ण वितळवायचं, मग ढवळत २७-२८ अंशांवर आणायचं आणि पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवून ओतायचं, याला टेम्परिंग म्हणतात. दोन अंश इकडचे तिकडे झाले तर वडी साच्यातून सुटत नाही, आणि सुटली तर दोन दिवसांत पांढरी पडते. कंपाउंडला यातलं काही लागत नाही. वितळवा, ओता, गार करा, चकचकीत वडी तयार. त्यात कच्चा माल कितीतरी स्वस्त. २०२४ मध्ये कोकोचा जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा हा फरक आणखी टोचू लागला.

कंपाउंड विकणं हा गुन्हा नाही. वर सांगितलेली ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडलेली वस्तू 'चॉकलेट' म्हणून विकणं हा नियमभंग आहे. 'होममेड' म्हणजे घरी साच्यात ओतलेलं, एवढंच. कशापासून, ते त्या शब्दात येत नाही.

दुकानदाराला "खरं आहे का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा, "दादा, हे कुठल्या लादीचं केलंय? तिचं पाकीट दाखवता का?" त्यालाच जोडून, "टेम्परिंग करता की थेट ओतता?" ज्याच्याकडे खरं चॉकलेट आहे तो माणूस हौसेने पाकीट काढून दाखवतो, कारण त्याने त्याचे पैसे मोजलेले असतात. बंद डब्यातलं घेत असाल तर डब्यावर घटकांची यादी आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक हवा. यादीच नसेल तर सोडून द्या.

चव पाहायला मिळाली तर तुकडा चावू नका. जिभेवर ठेवून टाळूला हलका दाबा आणि थांबा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या तोंडाच्या तापमानाच्या जरा खाली, वितळतं. त्यामुळे खरा तुकडा एकदम विरघळतो, जिभेवर किंचित गार वाटतं आणि चव टप्प्याटप्प्याने उलगडते: आधी थोडी आंबट किंवा फळासारखी, मग कडवट. कंपाउंडमध्ये गोडी आधी येते, कोको नुसता पावडरीसारखा सपाट लागतो आणि गिळल्यावर टाळूला मेणाचा पातळ थर राहिल्यासारखं वाटतं. जीभ टाळूवर फिरवा, घसरते. जुन्या कंपाउंडला कधीकधी चक्क साबणाचा वास येतो. पाम कर्नलच्या चरबीला ओलावा लागला आणि ती फुटली की असं होतं. ओलसर सुका मेवा घातलेल्या वड्यांत हा धोका जास्त.

'कटकन तुटलं तर खरं' हा नियम अर्धाच खरा आहे. पाम कर्नलचं कंपाउंडही छान कटकन तुटतं. उलट एप्रिल-मे महिन्यात, सांगलीत पारा चाळिशीला टेकलेला असताना, उत्तम ७० टक्के बारही नुसता वाकतो. बोटांत धरून किती पटकन वितळतं, ही परीक्षाही त्या दिवसांत बाद. ती महाबळेश्वरच्या थंडीत जमते.

घरी करायची पक्की परीक्षा

टेम्परिंग न केलेलं कोको बटर नीट घट्ट होत नाही, या एकाच गोष्टीवर ही परीक्षा उभी आहे. बरणीतलं चॉकलेट आणलंय आणि शंका आहे, तर २० ग्रॅम तुकडे करा. एका पातेल्यात पाणी गरम करून गॅस बंद करा, त्यावर कोरडी वाटी ठेवून तुकडे वितळवा. वाटीत पाण्याचा थेंब गेला तर चॉकलेट आवळून त्याचा गोळा होईल आणि परीक्षा वाया जाईल. एकही गुठळी राहता कामा नये, आणि वितळल्यावरही दोन-तीन मिनिटं ढवळत राहा. चॉकलेट बोटाला चांगलं गरम लागायला हवं, ४५ ते ५० अंश. अर्धवट वितळवलं तर जुने चांगले स्फटिक आत शिल्लक राहतात, त्यांच्या आधाराने खरं चॉकलेटही नीट घट्ट होतं आणि निकाल उलटा लागतो.

मग बटर पेपरवर चमच्याच्या पाठीने पातळ पसरा आणि २०-२२ अंशांच्या खोलीत ठेवून द्या. साताऱ्यात हिवाळ्याची संध्याकाळ पुरते, सांगलीच्या उन्हाळ्यात एसीची खोली लागेल. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे दोन्ही घट्ट होतात. अर्ध्या तासाने बोट लावा. कंपाउंड कोरडं, गुळगुळीत, चमकदार होऊन कागदावरून सुटायला लागलेलं असतं. खरं चॉकलेट अजून चिकट असतं, बोटाला लागतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते घट्ट झालेलं असतं, पण निस्तेज, राखाडी रेघा-ठिपके उठलेलं आणि भुसभुशीत. कुरूप दिसलं म्हणजे खरं! ते फेकू नका, दुधात विरघळवून प्या. भागाकारातून निसटणारं पाम तेलाचं कंपाउंडही इथे बहुधा सापडतं, कारण टेम्परिंग टाळणं हाच ते बनवण्यामागचा हेतू असतो.

केकसाठी घेताना

घरगुती केक करणाऱ्यांनी कंपाउंडला नाक मुरडायचं कारण नाही. वरची सजावट, उन्हात न्यायच्या वड्या, कुरकुरीत कवच, या कामांना ते सोयीचं आहे. फक्त त्याला चॉकलेटचा भाव देऊ नका आणि गिऱ्हाइकाला ते चॉकलेट म्हणून सांगू नका. गनाशला खरं ५५ ते ६० टक्क्यांचं घ्या. कंपाउंडचं गनाश फ्रिजमधून काढल्यावर तोंडात मेणट लागतं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते "चवीला थोडं खरं, परवडायला थोडं कंपाउंड" अशा निम्म्या-निम्म्या मिश्रणाने. वर सांगितलेला दोन चरब्यांचा बेबनाव इथे प्रत्यक्ष दिसतो: वड्या साच्यात मऊच राहतात, हातात घेताच ठसे उमटतात आणि आठवड्याभरात पांढरट होतात. दोष साच्याचाही नसतो नि फ्रिजचाही. केकमध्ये भाजून टाकायचं असेल तर मिसळलेलं चालतं, साच्यातल्या वडीला नाही.

पांढरी साय आणि फ्रिज

पाकीट उघडल्यावर वर पांढुरकं दिसलं म्हणजे बुरशी किंवा भेसळ असं धरून चालू नका. बोट घासा. गुळगुळीत लागून पुसलं गेलं, तर कोको बटर उन्हाने वितळून वर येऊन थिजलंय. खरखरीत लागलं, तर ओल लागून साखर वर आलीय. दोन्ही खायला चालतं, फक्त पोत बिघडलेला असतो. मे महिन्यात रस्त्याकडेच्या टपरीवरचा बार असा निघण्याची शक्यता मोठी, म्हणून त्या दिवसांत फ्रिज किंवा एसी असलेल्या दुकानातूनच घ्या.

घरी ठेवायला १८ ते २० अंश उत्तम, पण आपल्याकडे वर्षातले फार थोडे दिवस तसे मिळतात. फ्रिजच चालवून घ्यायचा असेल तर बार मूळ कागदासकट झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा, खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, आणि लसूण-मिरचीच्या वाटणापासून लांब, कारण कोको बटर वास चटकन ओढून घेतं. खाण्याआधी बंद पिशवीच अर्धा तास बाहेर ठेवा. गार बार थेट उघडला की हवेतली वाफ त्यावर धरते, आणि दुसऱ्या दिवशी तीच खरखरीत साय दिसते.

खोक्यावर 'चॉकलेट' छापलंय आणि यादीत कोको बटर नाहीच, अशी वस्तू हाती आली तर बिल आणि पाकीट जपून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार नोंदवा. यादी आणि १४ आकडी क्रमांक फोटोत वाचता येईल असा हवा. नुसत्या चवीच्या वर्णनावर तक्रार पुढे सरकणं अवघड जातं.